सोप्या तमिळमधली बालकथा: आजीच्या स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी कुठे गेली?

सावली_अडयार

नमस्कार मंडळी. आम्ही चेन्नईत राहतो. लेक दुसरीत आहे, आणि इथे २००६ च्या कायद्यामुळे दहावीपर्यंत तमिळ विषय घ्यावाच लागतो. तिला बोलायला छान येतं, वाचायला मात्र कंटाळा. आमच्या सोसायटीत शनिवारी मुलांचं वाचन असतं, त्यात तिच्यासारखी चार-पाच घरची मुलं आहेत: मराठी, गुजराती, एक बंगाली. त्यांच्यासाठी दहा पानांची एक चित्रकथा लिहिते आहे. चित्रं शेजारची कॉलेजातली मुलगी काढणार आहे. मुलांच्या प्रतीत अर्थातच तमिळ अक्षरं असतील, इथे देवनागरीत देते.

१. कोडै विडुमुऱै. मीना पाट्टी वीट्टुक्कु वंदाळ्.
२. समैयलऱैयिल् ओरु पेरिय जाडी इरुंददु.
३. जाडियिल् मावडु ऊऱुगाय्!
४. मऱुनाळ् कालै जाडियैक् काणोम्.
५. यार् एडुत्तदु?
६. पूनैया? इल्लै.
७. काकमा? इल्लै.
८. तात्तावा? इल्लै.
९. मीना मोट्टै माडिक्कु ओडिनाळ्.
१०. अंगे वेयिलिल् जाडी! पाट्टी सिरित्ताळ्.

मराठीत सांगायचं तर: उन्हाळ्याची सुट्टी, मीना आजीकडे येते. स्वयंपाकघरात मोठी बरणी, बरणीत मावडु लोणचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी दिसत नाही. कोणी नेली? मांजर? नाही. कावळा? नाही. आजोबा? नाही. मीना गच्चीवर पळते, तिथे उन्हात बरणी! आजी हसते.

इथे तमिळ जाणणारी बरीच मंडळी आहेत म्हणून टाकते आहे. हे खरंच सोपं आहे का? आणि गोष्टीत काही खटकतंय का?

अण्णा_कोथरूड

छान विषय. मावडु म्हणजे आपल्या बाळकैऱ्या. लोणचं मुरायला ऊन हवंच. आमची आई लिंबाचं लोणचं कापड बांधून आठवडाभर गच्चीवर ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची. तेलाची फोडणी गार झाल्यावरच घालायची हे विसरू नका, नाहीतर फोडी मऊ पडतात. प्रमाण हवं असेल तर देतो.

सावली_अडयार

अण्णा, लोणचं घालत नाहीये हो, गोष्ट लिहितेय! पण बरणी उन्हात ठेवतात एवढं तुमच्याकडून पक्कं झालं, धन्यवाद.

तंजावूरकर

थांबा, पक्कं करू नका. अण्णांचं लिंबाच्या लोणच्याबद्दल बरोबर आहे, मावडुबद्दल नाही. आमचं घर तंजावूरच्या मराठ्यांबरोबर आलेल्यांपैकी. घरी मराठी आणि पानात अस्सल कावेरीकाठचं जेवण, त्यामुळे या बरणीशी लहानपणापासून ओळख आहे.

मावडुच्या कैऱ्या बोराएवढ्या किंवा जरा मोठ्या, कोय न धरलेल्या, देठासकट. बाजारात येतात मासी-पंगुनीत, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या करायच्या, एरंडेल हाताला लावून प्रत्येकीला चोळायचं, मग जाड मीठ, हळद, मोहरीची पूड आणि तिखट. वरून पाणी नाही, फोडणी नाही. कैरीतलंच पाणी सुटतं आणि दोन-तीन दिवसांत मिठाचं पाणी वर येतं. रोज बरणी हलवायची, म्हणजे वरच्या कैऱ्या खाली जातात. आठ-पंधरा दिवसांत साल सुरकुतली की समजायचं झालं. हे सगळं स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीवर. उन्हाचा काही संबंध नाही. कैऱ्या पाण्याच्या वर उघड्या राहिल्या किंवा कोणी ओला हात घातला तर वर पांढरा पापुद्रा धरतो, आणि आजीचा पारा चढतो.

तेव्हा तुमच्या मीनाला मे महिन्यात मावडुची बरणी गच्चीवर सापडली तर चेन्नईतली कोणतीही आजी ते पान बघून म्हणेल की ही गोष्ट लिहिणारीला लोणचं माहीत नाही.

सावली_अडयार

अरे बापरे. पण मग बरणी गायब व्हायचं कारणच गेलं. गोष्टच संपली की.

तंजावूरकर

नाही संपत. लोणचं बदला. नार्तंगाय घ्या.

मोठ्या, जाड सालीच्या आंबट फळाचं लोणचं असतं हे, तुम्ही तिथे पाहिलं असेल. फळ कापताना फोडी वेगळ्या करत नाहीत, गोल गोल वळसा घेत एकाच पट्टीत कापतात, स्प्रिंगसारखी. त्या वळशांत मीठ-हळद भरून बरणीत तीन-चार दिवस ठेवतात. रस सुटला की खरी गंमत सुरू होते. सकाळी पट्ट्या बाहेर काढून ताटात गच्चीवर, रसाची बरणीही शेजारी उन्हात. संध्याकाळी पट्ट्या परत त्याच रसात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. असं रस पूर्ण पट्ट्यांत जिरेपर्यंत. मग त्या कडक वाळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. दहीभाताबरोबर एक तुकडा पुरतो, तापातून उठलेल्या माणसाला तर मुद्दाम देतात.

आता बघा, बरणी फक्त दिवसा गायब असते आणि संध्याकाळी आपोआप जागेवर येते. रहस्यकथेला याहून काय हवं? मे महिन्यातला अग्नि नक्षत्रम्‌चा कडक उन्हाळा हा वाळवणांचाच काळ, त्यामुळे तुमची सुट्टीही जुळते.

निरंजन_बी

लोणच्याचं चालू द्या, पण मूळ अडचण भाषेची आहे. "वंदाळ्", "ओडिनाळ्" असं तमिळनाडूत एकही मूल बोलत नाही. "वंदा", "ओडिना" म्हणतात. मुलांच्या पुस्तकातून ही पुस्तकी भाषा काढूनच टाकायला हवी. आणि "जाडी"तला ज तर तमिळ अक्षरच नाही, ग्रंथ लिपीतून आलेलं आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना ते येणारच नाही. "चाडि" लिहा, ते शुद्ध तमिळ आहे.

मदुराईची_सून

माहेर मदुराई, सासर सातारा. लग्नाआधी तिकडे प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून बोलते.

निरंजन, अर्धं बरोबर आहे तुमचं. ज मूळच्या अठरा व्यंजनांत नाही हे खरं. पण दुसरीतल्या मुलाला तो येतो, कारण तक्त्यावर राजा आणि रोजा असतात आणि वर्गात जया नाहीतर विजय असतोच. अगदी नुकती अक्षरं शिकलेल्या मुलाला मात्र अडेल. "चाडि" कोशात आहे, घरात कोणी म्हणत नाही. मुलाला चित्रात बरणी दिसते, तोंडात "जाडी" येतं आणि पानावर "चाडि" लिहिलेलं असतं. मग मूल पुस्तकावर विश्वास ठेवायचं सोडतं आणि अंदाजाने वाचायला लागतं. मी "जाडी"च ठेवेन.

बोलीबद्दल. निवेदनात "वंदा" लिहिलं तर वाचायला सोपं वाटेल असं वाटतं, पण छापील "वंदा" बघायची सवय कोणालाच नाही. त्यात मदुराईची बोली वेगळी, कोइमतूरची वेगळी, नागरकोविलची तर फारच वेगळी. मुलं दोन्ही रूपं कानाने ओळखतात, गोष्ट सांगताना शिक्षिका "वंदाळ्" म्हणते हे त्यांना माहीत असतं. माझा अनुभव असा की निवेदन लेखी भाषेत आणि कोणी बोललं की ते बोलीत ठेवलं तर मुलं अडखळत नाहीत. सावलीताईंच्या गोष्टीत कोणी बोलतच नाही, ही मला खरी उणीव वाटते.

आता तुम्ही विचारलंत ते, सोपं आहे का. वाक्यं छोटी आहेत, पण तमिळमध्ये वाक्य छोटं असून शब्द लांब असू शकतो. "समैयलऱैयिल्" बघा. स्वयंपाक, खोली आणि "मध्ये" असे तीन तुकडे एका शब्दात चिकटलेत. मोठा माणूस एका नजरेत वाचतो, मूल बोट ठेवून अक्षर अक्षर जातं आणि शेवटच्या "यिल्"पर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरतं. शब्द मोजून सोपेपणा ठरवला की इथेच फसगत होते. "अडुप्पडियिल्" घेतलं तर थोडं बरं, शिवाय घरगुती. दक्षिणेकडे "अडुक्कळै" म्हणतील. चेन्नईच्या मुलांना कुठलं ओळखीचं ते त्यांनाच विचारा.

सहा ते आठ ही पानं मात्र मला फार आवडली. पूनैया, काकमा, तात्तावा. तीनही ठिकाणी शेवटी तोच "आ" जोडून प्रश्न होतो, पण मांजराला मध्ये य येतो, आजोबांना व येतो, कावळ्याला काहीच नाही. मुलं हे बोलताना रोज करतात, वाचताना पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं. तिसऱ्या पानापर्यंत मूल शब्द संपायच्या आत "इल्लै" ओरडायला लागेल. तेवढं झालं की गोष्ट जमली.

गोट्या_मुलुंड

मला तमिळ येत नाही, पण कावळ्याला मध्ये का ठेवलंत? चोर म्हणून सगळ्यांत आधी त्याच्यावरच संशय जाईल ना?

मदुराईची_सून

गोट्या, अगदी बरोबर बोललात. आमच्याकडे प्रत्येक मुलाने पहिली ऐकलेली गोष्ट म्हणजे वडे तळणारी पाट्टी. कावळा तिचा वडा पळवतो आणि कोल्हा त्याला गायला लावून तो वडा मिळवतो. आजीच्या स्वयंपाकघरातून काही नाहीसं झालं की तमिळ मूल आधी कावळ्याकडेच बोट दाखवणार. म्हणून कावळा शेवटी हवा. आधी मांजर, मग आजोबा, आणि मुलं "काकम्! काकम्!" करायला लागली की पान उलटून तिथे "काकमा? इल्लै."

सावली_अडयार

हे फारच छान! कावळा शेवटी, ठरलं. तंजावूरकर काका, नार्तंगायही घेते. एकच शंका, तो शब्द मुलांना वाचता येईल का? लेकीला दाखवला तर तिने पुस्तक मिटलं.

तंजावूरकर

येणार नाही. मध्ये दोन पाय मोडलेली व्यंजनं, शिवाय तो ङ. लिहूच नका. मजकुरात नुसतं "ऊऱुगाय्" आणि चित्रात वळशाची पट्टी काढा. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना चित्रावरून कळेल, बाकीच्यांचं अडत नाही.

मदुराईची_सून

"ऊऱुगाय्"मध्ये एक खाच आहे, तयार राहा. दीर्घ ऊ तमिळमध्ये उ आणि त्याच्यावर ळसारखं दिसणारं चिन्ह असा लिहितात. नवी मुलं त्याला "उळ" वाचतात, हमखास. त्या पानावर अक्षर मोठं छापा आणि पहिल्यांदा तुम्हीच वाचून दाखवा. त्यासाठी शब्द टाळू नका, गोष्ट लोणच्याची आहे.

तंजावूरकर

गोष्टीत कोणी बोलत नाही असं सूनबाई म्हणाल्या, त्यावरून एक सुचलं. आजीला बोलायला लावण्याऐवजी लिहायला लावा. बरणी जिथे होती तिथे फळीवर मिठाची पांढरी गोल कड राहिली आहे (जुन्या बरण्यांच्या बुडाशी असं मीठ साचतंच) आणि त्या गोलात आजीची चिठ्ठी: "मालै वरुम्". संध्याकाळी येईल.

यात मेख अशी की आजी साठीच्या पुढची. तिची शाळा १९७८ च्या आधीची. त्या वर्षी सरकारने तमिळची तेरा अक्षरं बदलली, त्यात "लै" होतं. आधी ल च्या डोक्यावर सोंडेसारखा वळसा देऊन लै लिहीत. आता बाकीच्या ऐकारांसारखंच वेगळं चिन्ह अक्षराच्या आधी लावतात. माझी मोठी बहीण अजून सोंडेचंच लै लिहिते, नातवंडं तिची वाणसामानाची यादी वाचताना अडतात. तेव्हा मीनाला "मा" वाचता येतं, "वरुम्" वाचता येतं, मधलं अक्षर ओळखू येत नाही. काहीतरी येणार आहे, पण केव्हा ते कळत नाही. हेच रहस्य.

निरंजन_बी

काका, हे भारी आहे! पण मग मीना गच्चीवर कशाला जाईल? संध्याकाळपर्यंत वाट बघितली की बरणी येतेच.

तंजावूरकर

मुलं वाट बघतात का कधी?

अक्षरजुळणी

छपाईच्या बाजूने सांगतो. जुनं आणि नवं लै संगणकाला एकच आहे. युनिकोडमध्ये दोघांचे संकेत तेच, कसं दिसायचं ते फाँट ठरवतो, आणि आजचे बहुतेक फाँट नवंच दाखवतात. त्यामुळे चिठ्ठी टाइप करून जुनं अक्षर मिळणार नाही. चित्रकार मुलीला ती हाताने काढू दे, एखाद्या आजीकडून लिहून घेतली तर उत्तम. आणि चित्र म्हणूनच ठेवा, मजकुराच्या ओळीत आणू नका.

मदुराईची_सून

कल्पना सुंदर आहे, पण या वयाला नको असं माझं मत. सोसायटीतली मुलं नवं लै पक्कं करायच्या धडपडीत आहेत, त्याच वेळी दुसरं लै दाखवायचं? तमिळनाडूच्या शाळांत वाचनाच्या छोट्या पुस्तिका येतात, त्यांच्या पायऱ्यांना नुळै, नड, ओडु, पऱ अशी नावं आहेत. आत शिर, चाल, पळ, उड. ही गोष्ट "नड"ची आहे. चिठ्ठीची गोष्ट "ओडु"च्या मुलांना द्या, ती मुलं उड्या मारतील. एकाच पुस्तकात दोन्ही नको.

तंजावूरकर

मला पटत नाही. मीनालाही ते अक्षर येत नाही, हीच तर गोष्ट आहे. वाचणारं मूल आणि मीना एकाच जागी अडतात. न येणारं अक्षर प्रत्येक वेळी मुलाची कमतरताच का समजायची?

मदुराईची_सून

काका, तुम्ही शेजारी बसून वाचत असाल तर ठीक आहे. मूल एकटं वाचत असेल तर त्याला कसं कळणार की इथे अडणंच अपेक्षित आहे? त्याला वाटेल आपल्यालाच येत नाही.

सावली_अडयार

दोघांचंही पटतंय, त्यामुळे पंचाईत आहे. सध्या असं केलं आहे की शनिवारच्या प्रतीत चिठ्ठी नाही, फक्त फळीवर मिठाचा गोल. चिठ्ठीची वेगळी प्रत मोठ्या मुलांसाठी करणार. शेजारच्या आजींनी "मालै वरुम्" लिहूनही दिलं, सोंडेसकट!

नवा मजकूर:

१. कोडै विडुमुऱै. मीना पाट्टी वीट्टुक्कु वंदाळ्.
२. अडुप्पडियिल् ओरु पेरिय जाडी.
३. जाडियिल् ऊऱुगाय्!
४. मऱुनाळ् जाडियैक् काणोम्.
५. "यारु एडुत्ता?"
६. पूनैया? इल्लै.
७. तात्तावा? इल्लै.
८. काकमा? इल्लै.
९. मीना माडिक्कु ओडिनाळ्.
१०. अंगे वेयिलिल् जाडी! पाट्टी सिरित्ताळ्.

पाचव्या पानावरचं मीनाचं बोलणं आता बोलीत आहे. "मोट्टै" काढलं, चित्रात गच्ची दिसतेच. दुसऱ्या पानावरून "इरुंददु" पण गेलं, त्याच्याशिवाय वाक्य अडत नाही.

निरंजन_बी

आता छान वाहतंय. पण शेवटी "सिरित्ताळ्"? आजीला आदरार्थी नको का? "सिरित्तार्" हवं. घरी तर सगळे "सिरिच्चांग" म्हणतात.

मदुराईची_सून

वड्याच्या गोष्टीत पाट्टी "सुट्टाळ्"च असते, कोणाला खटकत नाही. पण अलीकडच्या बऱ्याच पुस्तकांत "तार्" दिसतं, तेही खरं. मी स्वतः "ताळ्" लिहीन. मीनालाही "ताळ्", आजीलाही "ताळ्", एकच शेवट दोनदा वाचला की पक्का होतो.

तंजावूरकर

आमच्या घरात मराठीत आजीला "अगं" आणि तमिळ बोलायला लागलो की "नींग". त्यामुळे मला विचारू नका.

सावली_अडयार

लेकीला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणते "तार्", कारण तमिळच्या बाई वर्गात तसंच म्हणतात. शेजारच्या आजी म्हणतात "ताळ्", "तार्" म्हटलं की कोणी बाहेरची बाई आल्यासारखं वाटतं. शनिवारपर्यंत ठरवते. कोणाचं आणखी मत असेल तर शुक्रवारच्या आत लिहा, प्रती काढायच्या आहेत.

अण्णा_कोथरूड

मी मत देत नाही, पण त्या वळशाच्या लोणच्यासाठी फळ पुण्यात कुठे मिळेल? आणि त्यालाही एरंडेल लावायचं का?

तंजावूरकर

अण्णा, एरंडेल फक्त मावडुला. याला मीठ आणि हळद, बस. रास्ता पेठेत तमिळ भाजीवाल्यांकडे विचारून बघा. फळ जाड सालीचं आणि पिवळटपणाकडे झुकलेलं घ्या, फार हिरवं घेतलंत तर कडू लागेल. आणि पावसाळा लागायच्या आत वाळवून घ्या, पट्टी आतून दमट राहिली तर बुरशी येते.